पॅकेजिंगची पोस्ट लिहिताना आधी वजनकाटा, मग शब्द

प्रश्न: माझा हाताने बनवलेल्या साबणांचा छोटा ब्रँड आहे. आधी बबल पाकिटातून पार्सल पाठवायचे. आता पुठ्ठ्याचा खोका, आत कागद आणि प्रत्येक साबणाला कम्पोस्टेबल पिशवी असं पॅकिंग सुरू केलंय. पोस्ट अशी लिहिली आहे: 'आमचं पॅकेजिंग आता १०० टक्के इको-फ्रेंडली! प्लास्टिकमुक्त, बायोडिग्रेडेबल आणि पूर्णपणे रिसायकल.' मैत्रीण म्हणते, हे जास्त होतंय. कुणी पुरावा मागितला तर देता येईल असं नेमकं काय लिहू?

उत्तर: तुमची मैत्रीण बरोबर सांगते आहे. तरीही तुम्ही केलेला बदल खरा आहे आणि लोकांना सांगण्यासारखा आहे. अडचण अशी की पोस्टमधले चारही शब्द अख्ख्या पार्सलबद्दल बोलतात, आणि बदल मात्र पार्सलच्या काही भागांत झाला आहे. पुरावा नेहमी एकेका भागाचा मिळतो: खोक्याचा वेगळा, पिशवीचा वेगळा, टेपचा वेगळा. म्हणून वाक्यही एकेका भागाबद्दलच लिहायचं.

'इको-फ्रेंडली' हा शब्द आधी काढून टाका. उत्पादकाने स्वतःच्या मालाबद्दल स्वतः केलेल्या पर्यावरणविषयक दाव्यांसाठी आयएसओ १४०२१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. 'पर्यावरणस्नेही', 'ग्रीन', 'पृथ्वीला सुरक्षित' असे मोघम शब्द वापरूच नयेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. कारण साधं आहे. हा शब्द तपासायचा कसा, हे कुणालाच सांगता येत नाही. 'पर्यावरणपूरक' किंवा 'निसर्गस्नेही' असं शुद्ध मराठी केलं तरी फरक पडत नाही. पुढे '१०० टक्के' लावलं की मोघम शब्दाला मोजमापाचा आव येतो, आणि वाचणारा विचारतो: शंभर टक्के कशाचे?

आता कामाचा भाग. आज ग्राहकाला जसं जाईल तसं एक पार्सल पूर्ण पॅक करा, पत्ता चिकटवा, आणि मग तेच टेबलावर उघडून सगळे भाग सुटे करा. नजरेआड राहणारे भागच नेमके अडचणीत आणतात: टेप, पत्त्याच्या कागदावरचं पारदर्शक पाकीट, स्टिकर. प्रत्येक भागाचं वजन करा. साधा वजनकाटा एक ग्रॅमच्या खालचं धड दाखवत नाही, त्यामुळे टेपसारख्या हलक्या वस्तूसाठी दहा पार्सलांना लागेल तेवढी टेप एकदम तोला आणि दहाने भागा. जुन्या पॅकिंगचं सामान शिल्लक असेल तर तेही आजच तोलून ठेवा. ते संपलं की 'आधी किती होतं' याचा पुरावाही संपतो, आणि मग 'कमी केलं' हे वाक्य कायमचं लंगडं राहतं.

तुमच्यासारख्याच एका पार्सलचे आकडे धरून मी हिशेब करून दाखवते. तुमचे आकडे वेगळे येतील, पद्धत हीच. तीन साबणांचं पार्सल आहे. जुन्या पॅकिंगमध्ये बबल पाकीट २४ ग्रॅम, तीन साबणांवरची प्लास्टिक फिल्म मिळून ६ ग्रॅम आणि पत्त्याचं प्लास्टिक पाकीट ३ ग्रॅम, म्हणजे एकूण ३३ ग्रॅम, आणि सगळंच प्लास्टिक. नव्या पॅकिंगमध्ये पुठ्ठ्याचा खोका ९२ ग्रॅम, चुरगळलेला कागद १६ ग्रॅम, तीन कम्पोस्टेबल पिशव्या मिळून ६ ग्रॅम, चिकटटेप २ ग्रॅम आणि पत्त्याचं पाकीट तेच, ३ ग्रॅम. एकूण ११९ ग्रॅम.

एवढ्या तक्त्यावरून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे, हे पार्सल प्लास्टिकमुक्त नाही. पारदर्शक टेप प्लास्टिकची आहे आणि पत्त्याचं पाकीटही. त्याशिवाय कम्पोस्टेबल पिशवीही बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते. अशा पिशव्या साधारणपणे पीएलए आणि पीबीएटी या पॉलिमरांच्या मिश्रणातून बनतात. पीएलए मका किंवा उसासारख्या पिकांच्या साखरेपासून होतो, तर पीबीएटी मुख्यतः पेट्रोलियमपासून. कच्चा माल कशाचा आणि वस्तू शेवटी कुजते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन्हींचं उत्तर काहीही असलं तरी ती वस्तू प्लास्टिकच राहते. म्हणून प्लास्टिक मोजताना त्या ६ ग्रॅमना वगळू नका. वगळलं तर प्लास्टिक ३३ वरून ५ ग्रॅमवर आल्यासारखं दिसेल आणि आकडा झकास वाटेल. पण कुणी पिशवीचा फोटो टाकून विचारलं की तुम्ही लपवल्यासारखं होईल. धरलं तर ३३ वरून ११ ग्रॅम. दोन तृतीयांश प्लास्टिक कमी. हा आकडाही चांगला आहे, आणि तो कुणालाही पाडता येणार नाही. दोन आकड्यांमध्ये शंका आली की मी नेहमी स्वतःला कमी फायद्याचा आकडा घेते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि बहुतेक ब्रँड तीच गाळतात. पॅकिंगचं एकूण वजन ३३ वरून ११९ ग्रॅमवर गेलं, साडेतीन पटींहून जास्त. कागद आणि पुठ्ठा बनवायला पाणी आणि ऊर्जा लागते, आणि खोका पाकिटापेक्षा गाडीत जागाही जास्त खातो. त्यामुळे 'कचरा कमी', 'कमी पॅकेजिंग', 'कार्बन फूटप्रिंट घटवला' यांतलं काहीही तुम्हाला या बदलाच्या जोरावर म्हणता येत नाही. कार्बनबद्दल बोलायचं तर कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा पूर्ण जीवनचक्र अभ्यास लागतो. तो तुमच्याकडे नाही आणि या पोस्टसाठी त्याची गरजही नाही. तुम्ही फक्त प्लास्टिकबद्दल बोला. आणि वजन वाढलं हेही त्याच पोस्टमध्ये सांगून टाका. एक बाब सुधारली आणि दुसरी बिघडली असताना फक्त पहिली सांगितली, तर प्रत्येक शब्द खरा असूनही चित्र खोटं उभं राहतं.

टक्केवारीबद्दल एक सांगते. 'प्लास्टिक ६७ टक्के कमी' असं एकटं लिहू नका, ग्रॅम लिहा. एखाद्याने खोक्यातला रिसायकल कागद ४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर नेला आणि 'रिसायकल कागदाचा वापर दुप्पट' असं छापलं, तर गणित बरोबर आहे, पण ९२ टक्के कागद अजून ताजाच आहे. मूळ आकडे शेजारी असले की अशी फसगत होत नाही, तुमच्याकडूनही नाही.

आता पिशवी. तुमच्या पोस्टमधला सगळ्यांत धोक्याचा शब्द 'बायोडिग्रेडेबल' आहे. तो अजिबात वापरू नका. किती दिवसांत, कुठे आणि किती प्रमाणात विघटन होतं, यातलं काहीच तो सांगत नाही. पुरेसा वेळ दिला तर पुष्कळ गोष्टींचं विघटन होतं. शिवाय साध्या प्लास्टिकमध्ये रसायन मिसळून त्याचे लवकर तुकडे होतील असं केलेला, 'ऑक्सो-डिग्रेडेबल' म्हणून ओळखला जाणारा मालही याच शब्दाखाली विकला गेला. त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते प्लास्टिक म्हणूनच पर्यावरणात राहतात. युरोपीय संघाने अशा प्लास्टिकच्या वस्तू जुलै २०२१ पासून बाजारात आणायला बंदी घातली आहे. तुमचा पुरवठादार नुसतं 'बायोडिग्रेडेबल' म्हणत असेल आणि मानकाचं नाव सांगत नसेल, तर तीच शंका आधी घ्या.

'कम्पोस्टेबल' हा शब्द जास्त काटेकोर आहे, कारण त्याच्या मागे चाचणी आहे. युरोपचं ईएन १३४३२, अमेरिकेचं एएसटीएम डी६४०० आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १७०८८ ही मानकं औद्योगिक कम्पोस्टिंगसाठी आहेत. ईएन १३४३२ उदाहरणादाखल घेऊ. १२ आठवड्यांनी खत २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळल्यावर मूळ वस्तूचा १० टक्क्यांहून जास्त भाग वर राहता कामा नये. सहा महिन्यांच्या आत ९० टक्के विघटन झालं पाहिजे. शिवाय जड धातूंवर मर्यादा आहे आणि तयार खताने रोपांना अपाय होत नाही, हेही पाहिलं जातं. पण विघटनाची ही चाचणी साधारण ५८ अंश सेल्सिअसला होते. एवढी ऊब मोठ्या, नीट चालवलेल्या ढिगात टिकते. कुंडीत किंवा बाल्कनीतल्या खताच्या डब्यात टिकत नाही.

मी ज्यांचं काम पाहत होते अशा एका मेणबत्त्यांच्या ब्रँडच्या बाबतीत हे समोरच आलं. त्यांनी 'आमची पिशवी मातीत मिसळून जाते' असं लिहिलं होतं. एका ग्राहक बाईंनी श्रद्धेने ती कुंडीत पुरली, पाणी घातलं, आणि सात महिन्यांनी उकरून फोटो पाठवला. पिशवीचा चिखल पुसला तर ब्रँडचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. त्या चिडल्या नव्हत्या, 'माझं काही चुकलं का' असं विचारत होत्या. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पिशवी प्रमाणित होती, पण औद्योगिक कम्पोस्टिंगसाठी, आणि तो एक शब्द पोस्टमध्ये गाळला होता. ते वाचून मला फार वाईट वाटलं, कारण ज्या ग्राहकाने सांगितलेलं मनापासून ऐकलं, तिलाच आपण चुकीचं सांगितलं होतं.

त्यामुळे पिशवीच्या पुरवठादाराकडे नुसतं 'सर्टिफिकेट पाठवा' असं म्हणू नका. सर्टिफिकेट आलं की चार गोष्टी वाचा. ते कुणाच्या नावावर आहे? बऱ्याचदा पिशवी बनवणाऱ्याऐवजी प्लास्टिकचे कच्चे दाणे बनवणाऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट पुढे केलं जातं. दाणे प्रमाणित असले म्हणून पिशवी प्रमाणित होत नाही, कारण पिशवीत जाडी, शाई आणि गोंद नवीन येतात. म्हणून दुसरं, जाडी पाहा. प्रमाणपत्रात कमाल जाडी दिलेली असते, तुमची पिशवी त्याहून जाड असेल तर ते तुमच्या पिशवीला लागू होत नाही. तिसरं, मानक कोणतं आणि ते औद्योगिक की घरगुती कम्पोस्टिंगचं. घरगुतीसाठी वेगळ्या चाचण्या आणि वेगळी चिन्हं आहेत, आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. चौथं, मुदत संपली आहे का. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या साइटवर सहसा नंबर किंवा कंपनीचं नाव टाकून हे सगळं तपासता येतं. पुरवठादाराने पाठवलेल्या पीडीएफवर थांबू नका.

सगळं नीट जुळलं तरी एक प्रश्न उरतो: तुमच्या ग्राहकाच्या जवळ अशी पिशवी घेणारं औद्योगिक कम्पोस्टिंग केंद्र आहे का? पुष्कळांना नसतं. अशा वेळी ती पिशवी साध्या कचऱ्यात जाते, जिथे ना ती ऊब असते ना ती हवा. ती प्लास्टिक रिसायकलच्या ढिगात गेली तर तिथला माल बिघडवते. म्हणून पोस्टमध्ये 'घरच्या खतात आणि प्लास्टिकच्या रिसायकलमध्ये टाकू नका' एवढं तरी हवंच. खरं विचाराल तर कोरड्या साबणाला ही पिशवी लागते का, हेच मी आधी तपासेन. कागदाच्या पट्ट्यावर भागत असेल तर ६ ग्रॅम प्लास्टिक जाईल आणि पोस्टमधला सगळ्यांत अवघड परिच्छेदही.

'पूर्णपणे रिसायकल' या शब्दांत आपल्या भाषेची एक खास अडचण आहे. 'रिसायकल' म्हणताना रिसायकल केलेला की रिसायकल होऊ शकणारा, हे कळत नाही. मराठीत 'पुनर्वापर' लिहिलं तर आणखी गोंधळ, कारण तोच खोका परत वापरणं यालाही आपण पुनर्वापरच म्हणतो. हे तीन वेगळे दावे आहेत आणि तिन्हींना वेगळा पुरावा लागतो. पुठ्ठा कशापासून बनला हे खोका बनवणारा सांगू शकतो. तो पुढे रिसायकल होईल का, हे ग्राहकाच्या भागात कागद गोळा होतो का आणि खोक्यावर प्लास्टिकचा थर आहे का यावर अवलंबून आहे. म्हणून वाक्यात क्रियापद पूर्ण लिहा: 'वापरलेल्या कागदापासून बनवलेला' किंवा 'कागदाच्या रद्दीत देता येतो'.

खोकेवाल्याकडून लेटरहेडवर लेखी घ्या: या प्रकारच्या पुठ्ठ्याच्या वजनात किमान किती टक्के रिसायकल कागद आहे, आणि त्यातला किती लोकांनी वापरून टाकलेल्या रद्दीतून आला. कारखान्यातच निघालेली कात्रणं पुन्हा त्याच यंत्रात घातली तर आयएसओ १४०२१ प्रमाणे ती रिसायकल मालात धरत नाहीत, म्हणून दुसरा प्रश्न विचारायचाच. 'तपकिरी आहे म्हणजे रिसायकल' असं समजू नका, ताज्या लगद्याचा पुठ्ठाही तपकिरी असतो. आतल्या कागदावर थर आहे का याची घरगुती परीक्षा आहे. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी फाडा. कागद विरघळल्यासारखा सुटला पण मागे पातळ पापुद्रा ताणला गेला, तर थर आहे. हा पुरावा नव्हे, पण पुरवठादाराला नेमका प्रश्न विचारायला पुरतो.

चित्रंही दावाच करतात. तीन बाणांच्या त्रिकोणाच्या आत टक्केवारी असेल तर त्याचा अर्थ तेवढा माल रिसायकल केलेला आहे. टक्केवारी नसेल तर वस्तू रिसायकल होऊ शकते असा. दिसायला छान म्हणून ते चिन्ह पोस्टवर टाकू नका. जंगलांच्या प्रमाणपत्राचं, म्हणजे एफएससीचं, चिन्हही तसंच. तुमचा खोकेवाला एफएससी प्रमाणित असला तरी ते चिन्ह तुमच्या जाहिरातीत वापरायला तुम्हाला वेगळा परवाना लागतो. पार्सलभोवती हिरवी पानं आणि धबधबा कशाला? टेबलावर सुटे केलेले भाग, तसेच, फोटोत टाका.

वरचे आकडे, खोकेवाल्याचं पत्र आणि पिशवीचं प्रमाणपत्र हातात आहे असं धरलं, आणि खोकेवाल्याने 'वापरलेल्या रद्दीतला कागद किमान ७० टक्के' असं लेखी दिलं असं समजलं, तर मी पोस्ट अशी लिहीन:

> तीन साबणांच्या आमच्या पार्सलमध्ये आधी ३३ ग्रॅम प्लास्टिक असायचं, आता ११ ग्रॅम आहे. बबल पाकिटाच्या जागी पुठ्ठ्याचा खोका आणि चुरगळलेला कागद आला. खोक्याच्या पुठ्ठ्यात वजनाने किमान ७० टक्के कागद वापरलेल्या रद्दीपासून बनवलेला आहे, तसं खोके बनवणाऱ्याने आम्हाला लेखी दिलं आहे. खोका आणि कागद रद्दीत देता येतात, आधी टेप काढा.
>
> उरलेलं ११ ग्रॅम प्लास्टिक कुठे आहे? टेप २, पत्त्याचं पाकीट ३ आणि साबणांच्या पिशव्या ६ ग्रॅम. पिशव्या औद्योगिक कम्पोस्टिंगसाठी ईएन १३४३२ प्रमाणे प्रमाणित आहेत. घरच्या खतात त्या कुजतील असं नाही, आणि प्लास्टिकच्या रिसायकलमध्येही टाकू नका. जवळ असं केंद्र नसेल तर साध्या कचऱ्यात टाका.
>
> खोक्यामुळे पॅकिंगचं एकूण वजन वाढलं आहे, ३३ वरून ११९ ग्रॅम. लहान खोका शोधतो आहोत.

शेवटची ओळ खरंच शोधत असाल तरच ठेवा. 'पुढच्या वर्षी प्लास्टिक शून्य' यासारखं वचन देऊ नका. ज्याची नमुन्याची ऑर्डर दिली आहे किंवा बोलणी चालू आहेत तेवढंच सांगा.

एका फोल्डरमध्ये वजनाचा तक्ता, काट्यावरच्या प्रत्येक भागाचे तारखेसह फोटो, खोकेवाल्याचं पत्र, पिशवीचं प्रमाणपत्र आणि ज्या मालाबद्दल बोलता आहात त्याचीच बिलं ठेवा. पोस्टच्या प्रत्येक वाक्यासमोर या फोल्डरमधला एक कागद बोटाने दाखवता आला पाहिजे. ज्या वाक्यासमोर कागद नाही ते वाक्य त्या दिवशी काढा, कागद मिळाला की परत घाला.

आणि हा तक्ता एका पॅकिंगचा आहे. घाईच्या दिवसांत खोके संपले आणि तुम्ही उरलेल्या बबल पाकिटांतून दहा पार्सलं पाठवलीत, तर त्या दहा ग्राहकांच्या हातात तुमची पोस्ट खोटी ठरते. माझ्या अनुभवात छोट्या ब्रँडवर तक्रार येते ती बहुतेक अशीच, अभ्यास करणाऱ्या कुणाकडून नाही, पार्सल उघडणाऱ्याकडून. तसं करावं लागलंच तर त्या पार्सलमध्ये एक चिठ्ठी टाका: खोके संपले होते, हे जुनं पाकीट आहे, त्यात ३३ ग्रॅम प्लास्टिक आहे. पुरवठादार किंवा पिशवीची जाडी बदलली की नव्याने वजन करा, जुन्या पोस्टखाली तारीख घालून दुरुस्ती लिहा, आणि मूळ आकडे पुसू नका.